'कसंतरी' म्हणजे कुठे?

माझा धाकटा भाऊ शिलाई मशिनी दुरुस्त करतो. तीस वर्षं तेच करतोय. त्याला नावाने हाक मारणारी आता बहुधा मी एकटीच उरले असेन, बाकी सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. त्याची बायकोसुद्धा फोन उचलून सांगते, "मिस्त्री बाहेर गेलेत, तासाभरात येतील."

गिऱ्हाइकांशी तो फार कडक. कोणी दारात मशीन ठेवून म्हणालं, "जरा बघा ना, नीट चालत नाहीये," की हा हातातलं काम न सोडता विचारणार, "नीट नाही म्हणजे काय? दोरा तुटतो? वरचा की खालचा? जाड कापडावर तुटतो की पातळ?" समोरचा गांगरून जातो. पण चार प्रश्नांत बिघाड कुठे आहे ते याला कळलेलं असतं. पाचवा प्रश्न तो मशिनीलाच विचारतो, म्हणजे पायाने चालवतो, मान तिरकी करतो आणि ऐकतो.

गेल्या वर्षी या माणसाला काहीतरी व्हायला लागलं आणि ते काय, हे त्याला सांगता येईना.

"कसंतरी होतंय," एवढंच म्हणायचा. कधी "जीव लागत नाही", कधी "आतून ढवळतंय". जेवता जेवता उठायचा, गॅलरीत जाऊन उभा राहायचा. पाहुणे आले की दहा मिनिटांत पाण्याचं निमित्त काढून आत. माझी भावजय शांत स्वभावाची, पण तिचाही धीर सुटत चालला होता. एकदा मला फोनवर म्हणाली, "वन्सं, कसंतरी म्हणजे कसं, हे विचारलं की माझ्यावरच खेकसतात. आता मी विचारायचं सोडलंय. बोललेलं एक ऐकत नाहीत, विचारलेल्याचं उत्तर देत नाहीत. भिंतीशी संसार चाललाय."

डॉक्टरकडे दोनदा जाऊन झालं. रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला, सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, "नेमकं काय होतं?" हा म्हणाला, "बेचैन वाटतं." डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, चालायला जा म्हणाले. गोळ्यांनी झोप यायला लागली आणि बेचैनी जागच्या जागी राहिली. मग हा डॉक्टरवरही चिडला.

एका रविवारी सकाळी तो माझ्याकडे आला आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून पुन्हा तेच सुरू केलं. कसंतरी. ढवळतंय. कशातच राम नाही.

मी एकतीस वर्षं न्यायालयात लघुलेखिका होते. साक्षीदार बोलायचे आणि मी टिपून घ्यायचे. पिंजऱ्यातला माणूस म्हणायचा, "यांनी मला फार त्रास दिला." की वरून आवाज यायचा, "त्रास न्यायालयाला दिसत नाही. काय केलं ते सांगा. कुठे उभे होते, किती वाजले होते, तोंडून कोणते शब्द गेले?" साक्षीदार चिडायचे, रडायचे, पण तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला एकदम म्हणायचे, "त्यांनी माझ्या हातातली किल्ली काढून घेतली आणि दार लावलं." मग सगळ्यांना दिसायचं.

ते आठवून मी त्याच्यापुढे एक छोटी वही टाकली. म्हटलं, "असं झालं की लिही."

"मी काय लेखक आहे?"

"साक्षीदार आहेस. तुझ्या अंगाला काय झालं ते लिही आणि तेव्हा समोर काय चाललं होतं ते लिही. बाकी काही नको."

तो कुरकुरत वही घेऊन गेला. आठवड्याने परत आला तेव्हा सात दिवसांची सात वाक्यं होती. *आज दिवसभर बेचैन होतो. आज जास्त त्रास. आज मन लागलं नाही. आज बरं होतं, संध्याकाळी पुन्हा तसंच.*

मी लाल पेनाने सगळी खोडली.

"अगं ताई, एवढं मर मर करून लिहिलंय!"

"हे कोणाचंही असू शकतं. शेजारच्यांचं, माझं, त्या डॉक्टरचं. तुझं काय आहे यात? आणि दिवसभर म्हणजे? दात घासतानाही होतास बेचैन?"

"तेव्हा नव्हतो."

"मग कधी सुरू झालं?"

"ते कसं सांगणार!"

मी म्हटलं, "एखाद्या बाईने सांगितलं, 'मिस्त्री, मशीन दिवसभर कसंतरी चालतेय', तर तू तिला काय म्हणशील?"

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण वही खिशात घालून गेला.

त्याला मी चार गोष्टी सांगितल्या होत्या. बेचैन, अस्वस्थ, टेन्शन, कसंतरी हे शब्द वहीत आले की मी खोडणार. झाल्या झाल्या दोन ओळी लिहायच्या, घरी जाऊन आठवत बसायचं नाही, कारण घरी जाईपर्यंत माणूस त्याची गोष्ट बनवतो. अंगात नेमकं कुठे, ते बोट ठेवून बघायचं, आणि तिथे दाबतंय, ओढतंय, गरम आहे की थरथरतंय ते लिहायचं. आणि 'कारण' हा शब्द काही दिवस विसरायचा.

या शेवटच्या नियमाचा त्याला सगळ्यात राग. म्हणाला, "कारणच तर शोधायचंय ना? मग कारण लिहायचं नाही, हे काय खूळ?"

दुसऱ्या आठवड्यात एक ओळ होती: *छातीत दडपण.* मी विचारलं, दडपण कुठे? त्याने सगळ्या छातीवर हात फिरवला. म्हटलं, एवढ्या जागेत नाही, बोट ठेव. तो वैतागून डोळे मिटून बसला. बोट छातीवर गेलंच नाही. गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मधल्या खळगीत जाऊन थांबलं.

"इथे," तो म्हणाला, आणि स्वतःच चकित झाला. "छातीत नाहीच. इथे. दाबत नाहीये, काहीतरी अडवून धरल्यासारखं."

"हे लिही."

हळूहळू लिहायला लागला. चांगलं लिहायला लागला असं म्हणवत नाही, पण माणूस दिसायला लागला. तिसऱ्या आठवड्यातली ही दोन टिपणं मी उतरवून ठेवली आहेत.

*मंगळवार, सकाळी सव्वादहा. शिवणखाना. पंखे चालू. बाई मागून काहीतरी म्हणाल्या. डावा जबडा आवळलेला, दातावर दात. जीभ टाळूला चिकटलेली. श्वास धरलेला. मी म्हणालो, हो हो. त्या गेल्या. मग कानशिलं गरम.*

*बुधवार, जेवताना. बायको पाण्याचा नळ सोडून बोलत होती, पाठ माझ्याकडे. उजवा खांदा वर चढलेला, मान दुखते. घास तोंडात तसाच. श्वास धरलेला. मी म्हणालो, बघू. ती म्हणाली, यात बघण्यासारखं काय आहे? उठलो. गॅलरीत आल्यावर श्वास सुटला.*

शिवणखाना म्हणजे तो जिथे महिन्याच्या कराराने जातो तो कारखाना. चाळीस मशिनी आहेत तिथे, आणि बाई म्हणजे तिथली देखरेख करणारी.

इथे माझं चुकलं, आणि ते मला कबूल केलंच पाहिजे. चौथ्या आठवड्यात माझ्यापुढे चौदा टिपणं होती आणि त्यांतल्या सातांत बायको होती. भावजयीची तक्रार माझ्या डोक्यात आधीपासून होतीच. मी चष्मा काढला आणि मोठ्या शहाणपणाने म्हटलं, "हे बघ, तुमच्या दोघांत काहीतरी बिनसलंय. ती बोलायला लागली की तुझं अंग आखडतं. तुला तिचा राग आलाय आणि तो तू गिळतोयस."

त्याने वही माझ्यापुढून ओढून घेतली.

"राग? तिचा? कशाबद्दल?"

"ते तू सांगायचंस."

"ताई, मला तिचा काही राग नाही."

"वही तसं म्हणत नाही."

"वही काही म्हणत नाही! तू म्हणतेयस! कारण लिहायचं नाही म्हणून माझ्या डोक्यावर बसलीस आणि आता स्वतः कारण चिकटवतेस?" तो उठला. स्टूल आडवं झालं. "महिनाभर शाळकरी पोरासारखा लिहितोय. जबडा, खांदा, खळगी! काय निघालं? माझा संसार वाईट आहे, हे निघालं!"

वही माझ्या ओट्यावर आपटून तो निघून गेला. मी उलट चिडले. एवढा वेळ द्या, वर हे ऐका. दोन दिवस मी त्याच्यावर आणि तिसऱ्या दिवशी स्वतःवर चिडलेली होते, कारण त्याचं म्हणणं खरं होतं. साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचा नाही, हे मला एकतीस वर्षं ठाऊक होतं. आणि सख्ख्या भावाच्या तोंडात मी अख्खं वाक्य कोंबलं होतं.

नऊ दिवस त्याचा फोन नाही. दहाव्या दिवशी दुपारी तो दारात. हातात वही नव्हती, ती माझ्याकडेच होती. पावतीपुस्तकातली चार पानं फाडून, त्यांच्या मागच्या बाजूला लिहून आणलं होतं.

"वाच," म्हणाला. "आणि मध्ये बोलू नकोस."

*सोमवार, अकरा वाजता. शिवणखाना, खिडकीजवळची सातवी मशीन. शटल बदललं, टायमिंग लावलं, चालवून बघितलं. मान उजवीकडे झुकलेली, म्हणजे उजवा कान मशिनीजवळ. श्वास धरला. नीट वाटलं. बाईंना म्हणालो, झालं. पिशवी भरली. दारापर्यंत पोचलो तर मागे सुई तुटली. शिवणाऱ्या मुलीच्या बोटाला लागलं नाही, तुकडा कापडात अडकला. बाई आल्या. म्हणाल्या, मिस्त्री, एवढी टिकटिक येत होती, मला तिथून ऐकू आली, तुम्ही झालं कसं म्हणालात? गुडघे हलके झाले. बोटं थंड. पोटात एकदम खाली गेल्यासारखं, जिन्याची एक पायरी जास्त समजून पाय टाकल्यावर जातं तसं. मी पुन्हा बसलो, पुन्हा चालवलं. बाई म्हणाल्या, हे बघा, हे बघा, येतंय ना? मी श्वास धरला. काही येत नव्हतं.*

शटलचा हुक सुईला केसाएवढा घासायला लागला की बारीक टिकटिक होते. मला हे त्यानेच कधीतरी सांगितलं होतं. वेळेवर ऐकलं तर अर्ध्या मिनिटाचं काम, नाही ऐकलं तर सुई जाते.

मी वाचून पानं खाली ठेवली. खरं सांगायचं तर बोलायची भीती वाटत होती. मी आतून वही आणली आणि दोघं जमिनीवर बसलो. या वेळी मी एकच केलं, टिपणांतली माणसं पेन्सिलने झाकत गेले. बायको झाकली, बाई झाकली, मेहुणा झाकला, औषधाच्या दुकानातला माणूस झाकला.

"आता तू वाच. उरलंय ते."

तो वाचत गेला. पंखा चालू. पाठ माझ्याकडे. नळ चालू. दोघं एकदम बोलत होते. रस्त्याच्या कडेला उभे होतो. फोन डाव्या कानाला. आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी तेच दोन शब्द. त्याने बोटाने मोजले.

"श्वास धरलेला. चौदापैकी अकरा वेळा." मग आजची पानं त्याने वर ठेवली. "तेरा."

"तू श्वास कधी धरतोस?"

"म्हणजे?"

"एरवी. कामात. तुला बघितलंय मी श्वास धरताना."

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पीं पीं आवाज मला येत होता. त्याला येत होता की नाही, हे मी पहिल्यांदाच स्वतःला विचारलं.

"ऐकायला," तो म्हणाला. "मशीन ऐकताना धरतो. स्वतःच्या श्वासाचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून." मग जरा थांबून, "ताई, मी सगळीकडे मशीन ऐकल्यासारखा ऐकतोय. नळाजवळसुद्धा. बायकोचं 'भाजी काय करू' हे ऐकायला मी जबडा आवळून बसतोय."

मला वाटलं होतं, कोडं सुटल्यावर त्याला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. तो भयंकर संतापला. वर्षभर घरात सगळे म्हणत होते, "हा कोणाचं ऐकत नाही." त्याने ती शिवी म्हणून घेतली होती आणि आम्ही शिवी म्हणूनच दिली होती. एकालाही ते वाक्य सरळ अर्थाने घ्यावंसं वाटलं नाही. "तुला तरी सुचायला हवं होतं!" तो मला म्हणाला. मला मान्य होतं.

दुसऱ्या दिवशी कानाच्या तपासणीला मी बरोबर गेले. तपासणाऱ्या मुलीने विचारलं, "काय त्रास होतो, काका?" मी तोंड मिटून बसले. तो म्हणाला, "पंखा किंवा नळ चालू असेल आणि माणसाची पाठ असेल तर मला आवाज येतो, शब्द येत नाहीत. बायकांचे शब्द जास्त जातात. स, श, त असली अक्षरं जातात, मग मी उरलेल्यावरून अंदाज बांधतो. डावा कान जास्त वाईट आहे, फोनवर कळतं. संध्याकाळपर्यंत जबडा आणि उजवा खांदा दुखतो. हे साधारण वर्षभर आहे."

ती लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "एवढं नीट कोणी सांगत नाही हो." त्याला बरं वाटायला हवं होतं. तो म्हणाला, "डॉक्टरला बेचैन म्हणालो होतो," आणि खिडकीकडे बघत बसला.

आलेखाची रेघ डावीकडून सरळ येऊन बारीक आवाजांच्या भागात घसरगुंडीसारखी खाली गेली होती, दोन्ही कानांची. तीस वर्षं मशिनींच्या आवाजात काढल्यावर असं होतं, मुलगी म्हणाली, गेलेलं परत येत नाही, पण यंत्र लावलं तर बोलणं कळेल, मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतील.

यंत्रं आली. पहिले पंधरा दिवस घरात कोणाची खैर नव्हती. कागद चुरगळला की हा दचकायचा, चमचा ताटात पडला की "अरे हळू!" स्वतःचं चावणं ऐकून त्याला जेवण नकोसं झालं. भावजय मला म्हणाली, "आधी ऐकत नव्हते ते बरं होतं, वन्सं. आता मी मनात पुटपुटले तरी ऐकतात." पण ती नळ बंद करून, तोंड त्याच्याकडे करून बोलायला लागली, आणि तो जेवण संपेपर्यंत पानावर बसायला लागला. मी तिच्याबद्दल जो अंदाज केला होता, तो तिला आम्ही दोघांनीही कधी सांगितला नाही.

टिकटिक मात्र यंत्रातूनही नीट येईना. चाळीस मशिनींच्या गोंधळात तर नाहीच. मग त्याने दुसरी रीत धरली. चाक हाताने हळूहळू फिरवायचं आणि हुक सुईला कुठे लागतोय ते भिंगातून बघायचं. काम चोख होतं, पण जिथे दोन मिनिटं लागायची तिथे पंधरा लागतात.

हे बाईंना सांगावं की नाही, यावर चार दिवस घालमेल चालली होती. शेवटी तो गेला आणि उभ्या उभ्याच सांगितलं: "मला हुक घासल्याचा आवाज आता ऐकू येत नाही. मी बघून काम करतो. चूक होणार नाही, वेळ जास्त लागेल." बाई वाईट नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं, खरं बोललात म्हणाल्या. आणि पुढच्या महिन्यापासून चाळीसपैकी बावीस मशिनी दुसऱ्या मिस्त्रीकडे दिल्या.

तो तिथून थेट माझ्याकडे आला. मी चहा टाकला आणि न राहवून विचारलं, "कसं वाटतंय?" विचारल्याबरोबर जीभ चावली.

"बाई 'बावीस' म्हणाल्या तेव्हा मी पिशवीचा बंद सोडला आणि पुन्हा बांधला," तो म्हणाला. "दोनदा. दोन्ही तळहात ओले होते. कानाच्या पाळ्या गरम, यंत्राखाली घाम. खिडकीजवळची सातवी मशीन त्यांनी त्या दुसऱ्याला दिलीय. तिच्यावर एक मुलगी शिवत होती, तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं. जिन्यावरून उतरताना मी कठडा इतका घट्ट धरला होता की रंगाचे पापुद्रे हाताला लागले." त्याने हात पुढे केला. हिरवा रंग अजून रेषांत होता.

"हा राग आहे की वाईट वाटणं, ते मला विचारू नकोस," तो म्हणाला. "आणि तूही सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. साबण दिला. तो मोरीत हात धूत राहिला, बराच वेळ, आणि मला तिथूनच ओरडून म्हणाला की नळाचा आवाज फार होतोय, काय बोलायचं ते मी बाहेर आल्यावर बोल.